शिलाईच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप बिझनेस : दरांचा कॅटलॉग आणि पहिल्या निरोपाला आपोआप जाणारे उत्तर

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा मांडवीच्या बाजूला शिलाईचे लहान दुकान चालवणाऱ्यांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत फोनवर सारखे तेच तीन प्रश्न येतात : शिलाई किती, अस्तर धरून की वेगळे, आणि कपडा कधी मिळेल. मशीनवर बसलेल्या माणसाने दर दहा मिनिटांनी पाय थांबवून ही उत्तरे टाइप करायची म्हटले, तर काम मागे पडते, आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाते. व्हॉट्सॲप बिझनेस या मोफत ॲपमधील कॅटलॉग आणि आपोआप जाणारा स्वागत-संदेश या दोन सोयी नेमक्या याच प्रश्नांसाठी वापरता येतात. मात्र त्या कापडदुकानाच्या पद्धतीने न वापरता शिलाईच्या धंद्याला जुळतील अशा मांडाव्या लागतात. कापडदुकान तयार माल विकते, तर शिंपी आपली मजुरी विकतो. हा फरक ध्यानात न घेता केलेल्या कॅटलॉगमुळे ‘हा ब्लाऊज ३८ साइझमध्ये आहे का’ अशी भलतीच चौकशी सुरू होते.

पुढील उदाहरण एका लहान दुकानाचे धरले आहे. तेथे एक बाई स्वतः कटिंग करतात, हाताखाली दोन मुली शिवतात आणि काम मुख्यतः ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शिवलेली नऊवारी आणि नवरात्रीच्या चणिया चोळीचे असते. लिहिलेले दर समजण्यापुरते आहेत, ते प्रत्येकाने आपल्या दुकानाप्रमाणे बदलावेत. मेनूंची नावे इंग्रजी भाषेत ठेवलेल्या अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर जशी दिसतात तशीच दिली आहेत.

आधी नंबर ठरवावा

एक मोबाइल नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर तरी चालतो किंवा व्हॉट्सॲप बिझनेसवर तरी, दोन्हीकडे नाही. त्यामुळे घरचा आणि दुकानाचा नंबर एकच असेल, तर तो बिझनेस ॲपवर नेल्यावर नातेवाइकांचे गट, शाळेचे निरोप आणि गिऱ्हाइकांची बोलणी सगळी तेथेच येतात. शक्य असल्यास दुकानासाठी दुसरे सिम घ्यावे. एकाच फोनवर दोन्ही ॲप वेगवेगळ्या नंबरांनी सुखाने चालतात. जुन्या पाटीवर आणि पिशव्यांवर छापलेला नंबरच ठेवायचा असेल, तर तो हलवण्यापूर्वी साध्या व्हॉट्सॲपमधून बॅकअप घेऊन ठेवावा आणि नंतर बिझनेस ॲप सुरू करताना तोच नंबर द्यावा. दुकानात लँडलाइन असल्यास तो नंबरही वापरता येतो. पडताळणीचा कोड त्यावर एसएमएसने येत नसल्याने फोन कॉलचा पर्याय निवडावा लागतो, एवढेच.

ॲप सुरू झाल्यावर दुकानाचे नाव, प्रकार, पत्ता आणि वेळ विचारली जाते. नाव पाटीवर आहे तसेच लिहावे. पत्त्यात जवळची खूण आणि कोणत्या बाजूने यायचे ते द्यावे, कारण जुन्या शहरातील गल्ल्या नकाशावर सापडल्या तरी पायी सापडत नाहीत. दुकानाची वेळ मात्र खरी द्यावी, दुपारी बंद असल्यास तसे दाखवावे. बंद दुकानाच्या वेळेतील उत्तर पुढे याच वेळेवर अवलंबून राहणार आहे.

कॅटलॉग : फोटोच्या जागी फोटो, पण नावात मजुरी

उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवले की Business tools दिसते. काही फोनमध्ये तेच Tools या नावाने खालच्या पट्टीत असते. त्यात Catalog आणि मग Add new item अशी वाट आहे. प्रत्येक वस्तूसाठी फोटो, नाव, किंमत, वर्णन, दुवा आणि कोड अशा जागा असतात. एका वस्तूला दहापर्यंत फोटो आणि पूर्ण कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू चालतात. लहान दुकानाला मात्र दहाबारा वस्तू पुष्कळ झाल्या. पन्नास गळ्यांचे पन्नास फोटो पन्नास वस्तू म्हणून टाकले, तर गिऱ्हाईक खाली खाली सरकत राहते आणि दर त्याला कोठेच सापडत नाही.

शिलाईच्या कामाची एक वस्तू म्हणजे एका दराचे एक काम, असे धरावे. गळ्याचे प्रकार, बाहीची लांबी, पाठीमागची नाडी आणि लटकन यांनी दर बदलत नसेल, तर ते सगळे त्याच वस्तूच्या दहा फोटोंत दाखवावे. दर बदलत असेल तेथेच नवी वस्तू करावी. आमच्या उदाहरणातील दुकानात अशा हिशेबाने ब्लाऊजच्या तीनच वस्तू झाल्या : साधा ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज आणि प्रिन्सेस कट ब्लाऊज. त्यांच्यानंतर पंजाबी ड्रेस, शिवलेली नऊवारी, चणिया चोळी, परकर, साडीला फॉल-पिको आणि ढिले-घट्ट करण्याचे काम अशा एकेक वस्तू येतात.

नावाची सुरुवात ‘शिलाई’ या शब्दाने करावी. ‘अस्तराचा ब्लाऊज’ एवढेच लिहिले, तर नवीन माणूस तो तयार ब्लाऊज समजतो. ‘शिलाई – अस्तराचा ब्लाऊज’ असे लिहिले की गैरसमजाला जागा उरत नाही. बडोद्यात निम्म्याहून अधिक चौकशी गुजरातीत येणार हे धरून नावापुढे गुजराती नावही जोडावे आणि वर्णनाचा खालचा भाग गुजरातीत लिहावा. फोनच्या कीबोर्डमध्ये दोन्ही भाषा एकदा जोडून घेतल्या की हे काम फार वेळ घेत नाही.

किंमतीच्या चौकटीत एकच आकडा बसतो, ‘४५० ते ७००’ असे तेथे लिहिता येत नाही. येथे बरेच दुकानदार चौकट रिकामी ठेवून ‘दरासाठी विचारा’ असे वर्णनात लिहितात. त्यामुळे ज्या प्रश्नापासून सुटका हवी होती तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो. त्यापेक्षा नेहमीच्या कामाचा मूळ दर चौकटीत द्यावा आणि तो कशाने वाढतो ते वर्णनात नेमकेपणाने सांगावे. अस्तराच्या ब्लाऊजचे वर्णन असे होऊ शकेल :

> शिलाईचा दर ४५० रुपये. अस्तर दुकानाचे, ते या दरात धरले आहे. ब्लाऊजपीस गिऱ्हाइकाने आणावा. पायपिंग, लटकन किंवा बाहीला वेगळा काठ लावायचा असल्यास ५० ते १५० रुपये अधिक. मापाचा ब्लाऊज सोबत द्यावा, नाहीतर दुकानात येऊन माप द्यावे. एरवी ७ दिवस, नवरात्री आणि लग्नसराईत १५ दिवस. कोड : ब२

शेवटचा कोड ही लहानशी पण फार उपयोगाची गोष्ट आहे. वस्तूच्या नोंदीत कोडसाठी वेगळी जागा आहे, तेथे तो लिहावा आणि पावतीपुस्तकातही तोच वापरावा. मग गिऱ्हाइकाने ‘ब२, दोन नग’ एवढे पाठवले तरी कटिंगच्या टेबलावर काय समजायचे ते समजते. वर्णनात तो पुन्हा लिहिल्याने गिऱ्हाइकालाही सहज दिसतो.

चणिया चोळीचे वर्णन मात्र जरा लांब करावे लागते, कारण तेथे दर घेरावर ठरतो. मूळ दर किती मीटर घेराचा आहे ते लिहिल्याशिवाय ही वस्तू टाकूच नये. पाच मीटर घेराचा दर वाचून आलेले गिऱ्हाईक आठ मीटरचे कापड टेबलावर ठेवते आणि मग त्या दरासाठी वाद घालते. चोळी धरून की नुसता चणिया, अस्तर आहे की नाही, खाली लेस गिऱ्हाइकाची की दुकानाची, या तीन गोष्टींचाही वर्णनात खुलासा हवा. शिवलेल्या नऊवारीच्या बाबतीत साडी कापावी लागते आणि कापलेली साडी पुन्हा नेसण्याजोगी राहत नाही, हे ठळक लिहावे. गुजराती घरात लग्न होऊन गेलेल्या मराठी मुली हौसेने आईची जुनी साडी घेऊन येतात आणि ही गोष्ट त्यांना कोणी आधी सांगितलेली नसते.

फोटो दिवसाच्या उजेडात, दाराजवळ काढावेत. ट्यूबलाइटखाली राणी रंग लाल दिसतो आणि मोतिया पिवळा, आणि मग ‘फोटोत होता तसा रंग नाही’ हे ऐकावे लागते. ब्लाऊज पुतळ्यावर किंवा हँगरवर चढवून चौकोनी फ्रेममध्ये, चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून घ्यावा. यादीत लहान चित्र चौकोनातच कापून दिसते, म्हणून उभ्या फोटोतील गळा वर आणि काठ खाली कापला जातो. पहिल्या फोटोत पूर्ण कपडा असावा. शिवणीची सफाई, हुकांची पट्टी आणि आतले अस्तर असे जवळून घेतलेले फोटो त्यामागे ठेवावेत, कारण कामाची पारख असलेल्या बायका तेच बघतात. नेटवरून उचललेला नटीचा फोटो लावू नये. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, शिवाय अगदी तसाच ब्लाऊज शिवून देण्याची जबाबदारी नकळत अंगावर येते. गिऱ्हाइकाने कपडा घातलेला फोटो लावायचा तर तिला विचारून, आणि शक्यतो चेहरा न घेता लावावा.

वस्तू जतन केल्यावर ती लगेच सर्वांना दिसत नाही, व्हॉट्सॲपकडून तिची तपासणी होते. त्यामुळे कॅटलॉग आज करून आजच त्याचा दुवा वाटायला बसू नये. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तू उघडून पाहाव्यात. एखादी नाकारली गेली असेल, तर तिच्यावर तशी खूण दिसते, आणि ती उघडून पुन्हा तपासणी मागता येते. मागण्यापूर्वी फोटो आणि मजकूर एकदा नीट बघावा आणि शंका येईल ते बदलावे.

आणखी एक बदल शिलाईच्या दुकानाने अवश्य करावा. कॅटलॉगमध्ये गिऱ्हाइकाला वस्तू ‘कार्ट’मध्ये टाकून मागणी पाठवण्याची सोय मुळातच चालू असते. किराणा दुकानाला ती ठीक आहे. येथे मात्र माप नाही, कापड नाही आणि तारीख नाही अशी ‘तीन ब्लाऊज’ची मागणी येऊन पडते आणि गिऱ्हाइकाला वाटते की काम सुरू झाले. Catalog उघडून वरच्या तीन टिंबांतून Settings मध्ये जावे आणि Add to cart बंद करावे. मग गिऱ्हाइकाला वस्तूवरून सरळ निरोपच पाठवावा लागतो.

स्वागत-संदेश : तो कोणाला आणि केव्हा जातो

Business tools मध्ये Greeting message आहे. ते चालू केले की मजकूर लिहिण्याची आणि तो कोणाला जावा हे निवडण्याची जागा येते. मजकूर लिहिण्यापूर्वी हा संदेश कधी जातो ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो. एखादा माणूस पहिल्यांदा निरोप पाठवतो तेव्हा तो जातो, आणि १४ दिवस काहीच बोलणे झाले नसताना त्याच माणसाने पुन्हा निरोप पाठवला तरीही जातो.

हे १४ दिवस शिलाईच्या धंद्यात नेमके अडचणीचे आहेत. गर्दीच्या दिवसांत कपडा द्यायला पंधरा-वीस दिवस लागतात. गिऱ्हाईक कापड देऊन जाते, मध्ये काही बोलणे होत नाही, आणि अठराव्या दिवशी ‘माझा ब्लाऊज झाला का?’ असे विचारते. तिला उत्तर येते : ‘आमच्या दुकानात आपले स्वागत आहे! कोणता कपडा शिवायचा आहे?’ ज्या बाईला परवा गरब्याला जायचे आहे तिला हे वाचून काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको. म्हणून स्वागत-संदेश नवीन आणि जुन्या दोघांनाही चालेल असाच लिहावा. आमच्या उदाहरणातील दुकानासाठी असा मजकूर योग्य ठरेल :

> नमस्कार. निरोप मिळाला, हातातले काम होताच उत्तर देते.
>
> कपडा शिवायला दिलेला असल्यास फक्त पावतीचा नंबर पाठवा.
>
> नवीन काम असल्यास तीन गोष्टी पाठवा : १. काय शिवायचे (कॅटलॉगमधील कोड चालेल), २. कोणत्या तारखेला हवे, ३. मापाचा कपडा आहे की माप द्यायला याल.
>
> शिलाईचे दर येथे पाहा :

आणि त्याखाली कॅटलॉगचा दुवा. तो Catalog मधील दुवा पाठवण्याच्या खुणेवर मिळतो आणि त्याचे रूप असे असते. शेवटी ९१ आणि त्यापुढे दुकानाचा दहा आकडी नंबर येतो :

```
https://wa.me/c/91XXXXXXXXXX
```

याच मजकुराचा गुजराती भाग खाली जोडावा, पण दोन्ही मिळून फोनच्या एका पडद्यात मावेल एवढेच लिहावे. दुकान किती वर्षे जुने आहे, आम्ही कोणकोणते कपडे शिवतो, आमचे समाधानी ग्राहक वगैरे मजकूर येथे नको, त्यासाठी प्रोफाइलमध्ये वर्णनाची जागा आहे. ‘पाच मिनिटांत उत्तर देऊ’ असेही लिहू नये. कटिंग चालू असताना ते कोणाच्याच हातून होत नाही.

यातील दुसरा प्रश्न, म्हणजे तारखेचा, सर्वांत कामाचा आहे. तारीख आधी कळली की काम घ्यायचे की नाही ते लगेच ठरते आणि ज्याला उद्या हवे आहे त्याच्याशी गळा-बाहीची चर्चा करण्यात वेळ जात नाही.

संदेश कोणाला जावा यासाठी Recipients मध्ये चार पर्याय आहेत : सगळ्यांना, फोनमध्ये नाव नसलेल्यांना, काहींना वगळून सगळ्यांना, आणि निवडलेल्यांनाच. नंबर घरचा आणि दुकानाचा एकच असेल, तर Everyone not in address book हा पर्याय घ्यावा, नाहीतर बऱ्याच दिवसांनी ख्यालीखुशाली विचारणाऱ्या मावशींनाही पावतीचा नंबर मागितला जाईल. दुकानाचा नंबर वेगळा असेल आणि गिऱ्हाइकांची नावे फोनमध्ये साठवलेली असतील, तर मात्र याच पर्यायामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकांना संदेश जात नाही. वर दिल्यासारखा मजकूर असेल, तर तो त्यांनाही जाणे सोयीचेच आहे, म्हणून अशा वेळी Everyone except… घेऊन घरची माणसे, कापडवाला आणि कारागीर यांना वगळावे.

दुकान बंद असताना

रात्री अकरा वाजता आलेल्या निरोपासाठी Away message ही वेगळी सोय आहे. तिच्या Schedule मध्ये Outside of business hours निवडले की प्रोफाइलमध्ये दिलेल्या वेळेबाहेर ते उत्तर जाते. उत्तरायणाच्या किंवा दिवाळीनंतरच्या सुट्टीसाठी Custom schedule मध्ये तारखा घालाव्यात. स्वागत-संदेशातील मजकूर येथे पुन्हा लिहू नये. ‘दुकान उद्या सकाळी १० वाजता उघडेल, तेव्हा उत्तर देते’ एवढे एक वाक्य पुरते. हे आपोआपचे संदेश जाण्यासाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. रात्री डेटा बंद करून झोपण्याची सवय असेल, तर उत्तर गेले नाही म्हणून ॲपला दोष देता येणार नाही.

चाचणी कशी घ्यावी

सगळे जुळवल्यावर घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून ‘हॅलो’ पाठवून पाहिले जाते, उत्तर येत नाही आणि मग सगळे पुन्हा खोलून बसतात. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. त्या माणसाचे नाव फोनमध्ये साठवलेले असते, किंवा त्याच्याशी १४ दिवसांत बोलणे झालेले असते. चाचणीसाठी दुकानाच्या नंबरशी कधीच न बोललेला आणि फोनमध्ये न साठवलेला नंबर लागतो. शेजारच्या दुकानदाराला सांगावे. त्याच्या पडद्यावर संदेश कसा मोडतो, दुवा दाबल्यावर कॅटलॉग उघडतो का, सगळ्या वस्तू दिसतात का आणि गुजराती भाग वाचायला नीट आहे का, हे त्याच्याच फोनवर पाहावे. आपल्या फोनवर आपला कॅटलॉग नेहमीच पूर्ण दिसतो, त्यावर विसंबू नये.

हंगामात काय बदलावे

नवरात्रीचे काम घेणे ज्या दिवशी थांबवायचे, त्या दिवशी चणिया चोळीची वस्तू उघडून Hide item करावी. वस्तू पुसून टाकू नये, कारण लपवलेली वस्तू फोटो आणि वर्णनासह जागेवर राहते आणि पुढच्या वर्षी फक्त दर बदलून पुन्हा दाखवता येते. त्याच दिवशी स्वागत-संदेशात ‘नवरात्रीच्या कामाची नोंदणी बंद झाली आहे, ढिले-घट्ट करण्याचे काम चालू आहे’ अशी ओळ घालावी, कारण तयार चणिया चोळी विकत घेऊन कमरेत बसत नाही म्हणून धावत येणाऱ्यांचे काम शेवटच्या दोन-तीन दिवसांतच असते आणि ते तासाभरात होऊन रोख पैसे देते. दसरा झाला की ही ओळ काढावी आणि दिवसांच्या मुदती पुन्हा नेहमीच्या कराव्यात. हे राहून गेले, तर दिवाळीला ब्लाऊज शिवायला देणारी बाई पंधरा दिवसांची मुदत वाचूनच दुसरीकडे जाते.